कुर्तीचा साईझ: छाती, हिप आणि कट कुठे सुरू होतो

प्रश्न: "माझी छाती ३८ आणि हिप ४४ इंच आहे, उंची पाच फूट तीन. चार्टप्रमाणे छातीला एम साईझ येतो आणि हिपला एक्सएल. एम घेतली की बसताना कटाजवळ उसवते, एक्सएल घेतली की खांदे उतरतात आणि गळा पुढे पडतो. कुर्तीला साईड कट असेल तर हिपचं माप बघायची गरज असते का? आणि कॉटन लायक्राची कुर्ती एक साईझ लहान घ्यावी का?"

तुम्ही छातीच्या मापाने एम घ्या. पण ऑर्डर करण्याआधी त्या कुर्तीचा कट खांद्यापासून किती इंचांवर सुरू होतो ते बघा. तुमच्या बाबतीत तो २० ते २१ इंचांवर असेल तर एम व्यवस्थित बसेल, २३ वर असेल तर तीच एम पुन्हा उसवेल. लायक्रा असली तरी साईझ कमी करू नका. आता हे असं का, ते सविस्तर सांगते. गेली बावीस वर्षं मी डोंबिवलीत शिवणकाम करते, आणि आता निम्मं काम तयार कुर्त्या दुरुस्त करण्याचंच येतं. त्यात कटाच्या तोंडाशी उसवलेल्या कुर्त्या सगळ्यात जास्त असतात, म्हणून याच गोष्टीवर जास्त लिहिते.

आधी छाती. कुर्ती अंगावर टेकते ती खांद्यांवर आणि छातीवर. खांदा आणि मुंढा एकदा चुकला की दुरुस्ती महागात जाते, कारण बाही पूर्ण उसवून, खांदा कापून, मुंढा पुन्हा आखावा लागतो. बाजूची शिलाई आत घेणं मात्र अर्ध्या तासाचं काम आहे. त्यामुळे जो भाग दुरुस्त करणं अवघड, तो साईझ निवडतानाच बरोबर घ्यायचा. चार्टमध्ये साधारण प्रत्येक साईझला छाती दोन इंचांनी वाढते आणि तिच्याबरोबर खांदा, गळा, मुंढा सगळंच वाढतं. एमवरून एक्सएलवर गेलात म्हणजे हिपसाठी चार इंच मिळाले, पण छातीलाही चार इंच जास्त आले, मुंढा खाली उतरला आणि गळा रुंद झाला. तुमचे खांदे उतरतात ते यामुळेच. तो कुर्तीचा दोष नाही, तुमच्या शरीराचाही नाही.

छातीचं माप घेताना एक घोळ नेहमी होतो. काही ठिकाणी चार्टवरचा आकडा अंगाच्या मापाचा असतो, काही ठिकाणी तयार कुर्तीचा. `To Fit Bust` लिहिलेलं असेल तर तो तुमच्या अंगाच्या मापाशी जुळवायचा. `Garment` मेझरमेंट असेल तर तो कपड्याचा आकडा, म्हणजे तुमच्या मापापेक्षा तो मोठा असायला हवा. काहीच लिहिलेलं नसेल तर विक्रेत्याला एवढंच विचारा: "एम साईझची कुर्ती आडवी पसरून काखेतून काखेपर्यंत किती इंच भरते?" उत्तर साडेवीस आलं तर कुर्तीची छाती ४१. तुमची ३८, म्हणजे तीन इंच लूजिंग. न ताणणाऱ्या सुती कुर्तीला तीन इंच लूजिंग मला योग्य वाटतं. दोनाच्या खाली गेलं की रिक्षात वरची दांडी धरायला हात वर केला तरी काखेत ओढ बसते. चाराच्या वर गेलं की कुर्ती पोत्यासारखी दिसायला लागते, शिवाय काखेखाली कापडाचा गोळा होतो.

छाती मोजताना टेप पाठीमागे वर चढू देऊ नका, आणि जी ब्रेसियर घालून कुर्ती घालणार तीच घालून मोजा. पॅडेडमुळे इंचभर फरक सहज पडतो.

आता हिप. साइटवरच्या चार्टात हिपचा एकच आकडा असतो, सगळ्यात भरलेल्या जागेचा. पँट घेताना तो उपयोगी पडतो, कारण पँट तिथे बंद असते. स्ट्रेट कुर्तीला कट असतो आणि कटाच्या खाली पुढचा आणि मागचा भाग एकमेकांपासून सुटे असतात. तिथे कुर्ती हिपला आवळू शकतच नाही. ती आवळते फक्त कटाच्या तोंडापर्यंत, म्हणजे जिथे बाजूची शिलाई संपते तिथपर्यंत. त्यामुळे प्रश्न हा विचारायचा की कटाचं तोंड माझ्या अंगावर जिथे येतं तिथे माझा घेर किती आहे, आणि त्याच उंचीवर कुर्तीचा घेर किती आहे. तुमची हिप ४४ भरते ती खांद्यापासून साधारण २४ इंचांवर. तीन-चार इंच वर तोच घेर ४१-४२ असू शकतो. त्या तीन इंचांत दीड साईझचा फरक आहे.

हे घरी मोजायची माझी एक पद्धत आहे. लेगिंग आणि अंगाला लागून बसणारी स्लिप घालून आरशासमोर उभ्या रहा. टेपचं टोक गळ्याजवळ, जिथे खांदा सुरू होतो तिथे धरा आणि टेप छातीच्या उंचवट्यावरून सरळ खाली सोडा. २०, २१, २२ आणि २३ इंचांवर एकेक टिकली चिकटवा. मग प्रत्येक टिकलीच्या उंचीवर टेप आडवा फिरवून घेर मोजा आणि लिहून ठेवा. टेप छातीवरून सोडायचा कारण कुर्तीचं कापडही छातीवरूनच खाली येतं. टेप बाजूने सोडलात तर इंचभर चुकीचं माप येईल, आणि इथे इंचभराने निकाल बदलतो. सलवार किंवा धोतीवर कुर्ती घालणार असाल तर ती घालूनच मोजा. चुण्यांमुळे सीटजवळ एक-दीड इंच वाढतो.

हे चार आकडे एकदा काढले की वजनात मोठा फरक पडेपर्यंत पुन्हा काढावे लागत नाहीत. मी बायकांना ते टेपच्या डबीत चिठ्ठीवर लिहून ठेवायला सांगते.

कुर्तीवरचं माप सोपं आहे. ती टेबलावर पालथी न ठेवता सुलट पसरा, सुरकुत्या हाताने काढा. दोन्ही कटांच्या तोंडांवर आडवी पट्टी ठेवा. गळ्याजवळच्या खांद्यापासून पट्टीपर्यंतचं अंतर म्हणजे कटाची जागा. पट्टीवर एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत जितके इंच येतील त्याच्या दुप्पट म्हणजे तिथला घेर.

ऑनलाइन घेताना कटाची जागा क्वचितच दिलेली असते. कटाची लांबी दिली असेल तर कुर्तीच्या उंचीतून ती वजा करा: उंची ४६ आणि कट २३ म्हणजे सुरुवात २३ वर. काहीच दिलं नसेल तर हँगरवर लावलेल्या किंवा सपाट पसरलेल्या कुर्तीचा फोटो शोधा. मॉडेलचा फोटो चालत नाही, ती एका पायावर भार देऊन उभी असते. समजा स्क्रीनवर पट्टी लावली आणि कुर्ती खांद्यापासून खालपर्यंत १२ सेंटीमीटर भरली, कटाचं तोंड साडेपाचवर आलं. खरी उंची ४६ इंच असेल तर ४६ ला साडेपाचने गुणून १२ ने भागा, २१ येतील. अर्धा इंच इकडेतिकडे होतो, पण २१ आणि २३ मधला फरक नक्की कळतो.

तुमच्या मापांवर हे लावून दाखवते. तुमच्याच बांध्याच्या, ३८ छाती आणि ४४ हिपच्या, एक बाई माझ्याकडे येतात. त्यांचे टिकल्यांवरचे आकडे असे आहेत: २० वर ४१, २१ वर ४२, २२ वर पावणेत्रेचाळीस, २३ वर साडेत्रेचाळीस. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी एम साईझच्या दोन सुती कुर्त्या आणल्या. दोन्हींची छाती ४१, दोन्हींचा कटाच्या तोंडाशी घेर ४३. फरक एकच होता. पहिलीचा कट २० वर सुरू होत होता, दुसरीचा २३ वर.

पहिली कुर्ती २० वर ४३ आणि अंग ४१. दोन इंच मोकळे, कुर्ती सहज खाली उतरली. कटाखाली पुढचा आणि मागचा भाग साडेएकवीस-साडेएकवीसचा, मिळून ४३. हिप ४४. म्हणजे उभं असताना दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच फट. बसल्यावर हिप दीड-दोन इंच पसरते, तेव्हा फट दीड इंचापर्यंत गेली. लेगिंगची तेवढी पट्टी दिसणं कट असलेल्या कुर्तीत गृहीतच असतं, ते कुणाला खटकत नाही.

दुसरी कुर्ती २३ वर ४३ आणि अंग साडेत्रेचाळीस. उभं असतानाच अर्धा इंच कमी. बसल्यावर अंग ४५ च्या पुढे जातं, आणि ती सगळी ओढ दोन टाक्यांवर येते, डावीकडच्या शेवटच्या आणि उजवीकडच्या शेवटच्या. बाकीच्या शिलाईत ताण वाटला जातो, पण टोकाच्या टाक्याच्या खाली त्याला साथ द्यायला कुणी नसतं. म्हणून आधी तो सुटतो, मग त्याच्या वरचा, आणि शिलाई पक्की असेल तर कापडच फाटतं. उसवलं तर शिवता येतं, फाटलं तर ठिगळ लावावं लागतं. दोन्ही कुर्त्यांचा चार्ट एकच होता, छातीही एकच, आणि त्यांना वाटत होतं की दुसऱ्या कुर्तीचा शिलाईचा दर्जा खराब आहे.

कटाच्या तोंडाशी किती मोकळीक हवी? तोंड हिपच्या भरलेल्या जागेच्या वर असेल तर न ताणणाऱ्या कापडाला दोन इंच, अगदी ओढूनताणून दीड. तोंड बरोबर हिपवर किंवा त्याच्या खाली असेल तर तीन इंच, कारण मग बसताना पसरणारा घेरही बंद कापडातच मावायला हवा. आखूड कट असलेल्या कुर्तीला हिपचा पूर्ण आकडा बघावाच लागतो. तिथे "कट आहे ना" म्हणून दुर्लक्ष केलं की फसगत होते. कट नसलेल्या ए-लाईन किंवा कळीदार कुर्तीचा घेर हिपच्या आधीच उघडलेला असतो, तिथे छातीवरच साईझ घ्या आणि पुढे जा.

कट खूप वरही नको. लेगिंगची पट्टी जिथे बसते त्याच्या निदान दोन-तीन इंच खाली कटाचं तोंड असायला हवं, नाहीतर हात वर केला की कंबर उघडी पडते. पाच फूट तीन उंचीला खांद्यापासून १९ इंचांपेक्षा कमी अंतरावर कट मी सुरू करत नाही.

घालून बघताना कुर्ती स्वतःच सांगते काय चुकलंय. उभं असताना कट उलट्या व्हीसारखा फाकला आणि पाठीत कमरेवर आडव्या घड्या पडल्या, की कटाच्या तोंडाशी घेर कमी आहे. कुर्ती हिपवर अडते, खाली उतरत नाही, म्हणून कमरेत साठते. हाताने खाली ओढली की घड्या जातात आणि चार पावलं चाललं की परत येतात. दुसरी खूण वेगळी आहे: कट फाकतो, पण पाठ सपाट असते, आणि आरशात बाजूने बघितलं तर पुढची कडा मागच्यापेक्षा वर गेलेली दिसते. इथे हिपचा काही संबंध नाही. भरलेल्या छातीने पुढची उंची खाल्ली आहे आणि कट पुढे ओढला गेला आहे. अशा वेळी मोठा साईझ घेऊन काही होत नाही, छातीला बाजूचा टक असलेली कुर्ती घ्यावी लागते. दुकानात या दोन खुणा ओळखता आल्या तर ट्रायल रूममधला अर्धा वेळ वाचतो. आणि ट्रायल रूममध्ये स्टूल असेल तर त्यावर बसून बघाच. उभ्याने सगळ्या कुर्त्या बऱ्या दिसतात.

आता ताणाचं. लायक्रा हे स्पॅन्डेक्सचंच एक ब्रँडनाव, लेबलवर इलॅस्टेनही लिहिलेलं असतं. कॉटन लायक्राच्या मागावर विणलेल्या कुर्तीत ते साधारण दोन ते पाच टक्के असतं. ही कापडं बहुतेक फक्त आडवी ताणली जातात, उभी नाहीत. म्हणून खांद्यापासून कटापर्यंतच्या अंतरात लायक्रामुळे काही फरक पडत नाही. किती ताणतं ते बघायला कुर्तीच्या खालच्या भागात, शिलाईपासून दूर, पट्टीवर दहा सेंटीमीटर कापड चिमटीत धरा आणि सहज जाईल तितकंच ओढा. अकरापर्यंत गेलं तर दहा टक्के ताण. सोडल्यावर परत दहावर आलं पाहिजे. सव्वादहावर राहिलं तर गुडघ्यावर लेगिंग फुगते तशी ही कुर्ती बसण्याच्या जागी फुगेल.

त्या ताणाचा हिशोबात अर्धाच भाग धरायचा. एकेचाळीसच्या छातीला दहा टक्के म्हणजे चार इंच, पण ते चारही इंच वापरले तर छाप ताणून पांढरी पडते आणि आतल्या कपड्यांच्या कडा उमटतात. मी छातीला तीनऐवजी दीड ते दोन इंच लूजिंग धरते, एवढीच सूट. म्हणजे तुमची छाती ३८ आणि कुर्ती ४० असेल तर कॉटन लायक्रात चालेल, साध्या सुतीत अंगाला लागेल. दोन साईझच्या बरोबर मध्ये माप येत असेल तर लायक्रात खालचा साईझ घ्या. मध्ये येत नसेल तर आहे तोच. होजियरीच्या, म्हणजे टीशर्टसारख्या विणीच्या कुर्तीला तेवढंही लूजिंग लागत नाही, अंगाच्या मापाची किंवा इंचभर मोठी पुरते.

मात्र कटाच्या तोंडाशी लायक्राचा भरवसा अजिबात धरू नका. ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. कापड ताणतं, पण शिलाईचा दोरा ताणत नाही. कटाच्या कडेला कापड दुमडून शिलाई मारलेली असते, तिथे दोन-तीन पदर असतात. ओढ बसली की आजूबाजूचं कापड लांबतं, टाका जागेवर राहतो, आणि टाक्याभोवतीची भोकं मोठी होत जातात. शेवटी कुर्ती उसवत नाही, पण कटाच्या तोंडाशी कापडाला कानासारखा फुगवटा येतो आणि तो इस्त्रीनेही बसत नाही. म्हणून तिथे लायक्राची कुर्तीही न ताणणारी समजूनच दोन इंच मोजायचे. शिवाय गरम पाण्यात धुतलं, कडक इस्त्री केली की लायक्राचा जोर कमी होतो. लहान साईझ घेतलेली कुर्ती वर्षभरात छातीला सैल आणि कटाशी वाकडी होते ती अशी.

ताण नसलेली कापडंही सगळी सारखी वागत नाहीत. रेयॉन ताणत नाही, पण सुळसुळीत असल्यामुळे अंगावरून घसरतं, त्यामुळे अडीच इंच लूजिंगनेही भागतं. खण अगदी उलटा. गुळेदगुड्डच्या खणाचं कापड ठाशीव असतं, जिथे अडेल तिथे घडी घालून उभं राहतं. खणाच्या कुर्तीला मी छातीला साडेतीन आणि कटाशी अडीच इंच सोडते, आणि कट नेहमीपेक्षा इंचभर वर घेते. इकतच्या आणि जाड खादीच्या कुर्तीलाही तेच. जॉर्जेटची कुर्ती घेताना आतलं अस्तर मोजा. वरचं कापड सैल दिसतं, पण अस्तर कमी कापडात बसवलेलं असतं आणि पुष्कळदा अस्तराचा कट वरच्या कटाच्या खाली सुरू होतो. फाटतं ते अस्तर, आणि ते आतल्या आत फाटत असल्यामुळे उशिरा कळतं.

सुती कापड आटतं तेही हिशोबात घ्या. आधी न धुतलेलं सुती कापड तीन टक्के आटलं तर ४६ उंचीची कुर्ती जवळजवळ दीड इंच आखूड होते. रुंदीला सहसा कमी आटतं, पण एक इंच धरून ठेवलेला बरा. म्हणून नव्या सुती कुर्तीत छातीला तीनऐवजी चार इंच असतील तर ती मोठी समजून परत करू नका. एक गंमत अशी की उंची आटते तेव्हा कटाचं तोंडही अर्धा इंच वर सरकतं, म्हणजे तुमच्या फायद्याचंच होतं. पण तिथला घेरही थोडा कमी झालेला असतो, त्यामुळे त्या अर्ध्या इंचावर विसंबून कुर्ती घेऊ नये. उसवायची आणि वाढवायची सगळी कामं पहिल्या धुण्यानंतर करावीत, आधी नाही.

तुमच्याकडे आत्ता उसवलेली जी एम साईझची कुर्ती आहे ती टाकून देऊ नका. तिचा कट बहुधा २२-२३ वर असेल. तो वर घेणं हे अगदी छोटं काम आहे, पण एका गोष्टीची जाणीव ठेवून करायचं: कट वर सरकवला तसा अंगाचा घेर कमी होतो, तशीच कुर्तीही वर अरुंद होत जाते, कारण कमरेपासून खाली ती तिरकी पसरत आलेली असते. मघाच्या बाईंच्या दुसऱ्या कुर्तीचा घेर २३ वर ४३ होता, पण २० वर ४२ भरला. तिथे अंग ४१, म्हणजे कट तीन इंच वर घेऊनही एकच इंच मोकळा मिळाला. मग बाजूच्या शिलाईतलं मार्जिन सोडलं. तयार कुर्तीत ते अर्धा इंच असतं. पाव इंच ठेवून पाव इंच सोडलं तर दोन बाजू, प्रत्येक बाजूला पुढचा आणि मागचा असे चार पदर, मिळून एक इंच. झाले दोन इंच. मार्जिन सोडायच्या आधी आतून बघून घ्या, ओव्हरलॉक शिलाईला अगदी चिकटून मारलेलं असेल तर सोडायला काही उरत नाही. गडद रंगाच्या कुर्तीत जुन्या टाक्यांची रेघ दिसते, ती दोन धुण्यांत पुसट होते.

शिवणाऱ्या ताईंना हे सांगा: जुन्या कटाचं तोंड जिथे होतं तिथपासून वर शिलाई तीन इंच उसवायची, उघडलेल्या कडा आधीच्या कटाइतक्याच रुंद दुमडायच्या, आणि नव्या तोंडाशी आतून त्याच कापडाचा किंवा साध्या सुती कापडाचा दीड इंचाचा त्रिकोणी तुकडा ठेवून त्यावरून आडवी शिलाई तीन-चार वेळा मागेपुढे मारायची. त्रिकोणाचं टोक वर, रुंद बाजू खाली, तोंडाच्या रेषेत. ओढ मग एका टाक्यावर न येता दीड इंचावर पसरते. मी बाहेरून आणलेल्या प्रत्येक कुर्तीला, ती उसवलेली नसली तरी, पहिल्या धुण्यानंतर हा तुकडा लावून देते.

नवीन घेताना कट २३ वर असलेलीच कुर्ती फार आवडली, तर एलपर्यंत जा, एक्सएलपर्यंत नको. एलची छाती ४३ आणि कटाशी ४५ येईल, अंग साडेत्रेचाळीस, दीड इंच मोकळा. कट इंचभर वर घेतला की काम होईल. छातीला पाच इंच लूजिंग झालेलं असेल, त्यासाठी काखेपासून कमरेपर्यंत दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा इंच आत घ्या आणि कमरेखाली शिलाई हळूहळू जुन्या रेषेला मिळवा. घेण्याआधी फक्त खांद्याची शिलाई बघा. ती दंडावर पाव इंच उतरली तर चालतं, अर्ध्या इंचापेक्षा जास्त उतरत असेल तर ती कुर्ती सोडा.